फोटोवरचा तारखेचा शिक्का मॉडेलच्या पहिल्या उत्तरात कधी येतो, कधी का येत नाही?

प्रश्न: आमच्याकडे पीक नुकसानीचे फोटो येतात. बहुतेकांवर खाली जीपीएस कॅमेऱ्याची पट्टी असते: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, गावाचं नाव. फोटो एआय मॉडेलला देऊन ‘या फोटोत काय दिसतं?’ एवढंच विचारलं, तर कधी उत्तरात पट्टीचा उल्लेख येतो, कधी अजिबात येत नाही. फोटो तोच असला तरी असं होतं. उल्लेख नाही म्हणजे मॉडेलला पट्टी दिसलीच नाही, असं धरायचं का? आणि स्टुडिओचे वॉटरमार्क, कागदांवरचे गोल शिक्के यांचंही असंच होतं का?

उत्तर:

उल्लेख नाही म्हणजे दिसलं नाही, असं धरू नका. दिसणं, वाचता येणं आणि उत्तरात लिहिणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची कारणंही वेगळी आहेत. या तिन्हींपेक्षा त्रासदायक एक चौथी शक्यता आहे. मॉडेल पट्टी वाचतं, तिचा उल्लेख करत नाही, पण तिच्यातली माहिती वर्णनात मिसळून टाकतं. तुमच्या कामात खरा धोका तिथे आहे. त्याकडे येण्याआधी वाचता येण्याचं गणित पाहू, कारण निम्मे घोटाळे तिथेच सुटतात.

साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो आडवा धरला तर ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. त्यावरची पट्टी साधारण खालच्या पाचव्या भागात बसते आणि अक्षरांची उंची ६० पिक्सेलच्या आसपास असते, असं धरू. हा फोटो मॉडेलकडे याच आकारात जात नाही, आधी लहान केला जातो. ओपनएआयने जीपीटी-४ओ साठी जाहीर केलेल्या पद्धतीत बारकाईच्या पर्यायात चित्र आधी २०४८ × २०४८ च्या चौकटीत बसवतात आणि मग लहान बाजू ७६८ वर आणतात. म्हणजे तुमचा फोटो १०२४ × ७६८ होतो आणि ६० पिक्सेलचं अक्षर १५ वर येतं. इंग्रजी अंक १५ पिक्सेलमध्ये बहुधा वाचता येतात. स्वस्त पर्याय निवडला तर चित्र ५१२ च्या चौकटीत जातं आणि अक्षर जेमतेम ८ पिक्सेलचं उरतं. लाव्हा १.५ सारखं जुनं खुलं मॉडेल वापरत असाल, तर सगळं चित्र ३३६ × ३३६ मध्ये कोंबलं जातं आणि १४ पिक्सेलच्या चौकोनांत, एकूण ५७६ तुकड्यांत कापलं जातं. तिथे तुमचं अक्षर ५ पिक्सेलचं असतं, म्हणजे एका तुकड्यात दोन-अडीच ओळींची उंची मावते. असं मॉडेल ‘खाली काही मजकूर आहे’ एवढं सांगू शकतं. तारीख सांगितली तर ती अंदाजाने सांगितलेली असते. नव्या मॉडेलांत हे आकडे बदलत राहतात, पण हिशोब तोच: तुमच्या पट्टीतलं अक्षर मॉडेलपर्यंत किती पिक्सेलचं पोचतं ते आधी काढा. १० च्या खाली असेल तर पुढचं सगळं विचारण्यात अर्थ नाही.

मराठी पट्टीसाठी ही मर्यादा आणखी वर सरकते. अनुस्वार हा एक ठिपका, तो सगळ्यात आधी जातो. मग रफार, मग वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ. देवनागरी अंकांत १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. अर्धवट दिसलेलं गावाचं नाव मॉडेल कोरं सोडत नाही, जवळपासच्या जास्त प्रसिद्ध नावाकडे ओढतं. म्हणून छोट्या वाडीच्या जागी तालुक्याचं किंवा तीर्थक्षेत्राचं नाव आलं, तर शंका घ्यायची.

एका अंकाची चूक किती महाग पडते तेही पाहा. पट्टीवर `Lat 18.398412` आहे. यातला ३ बारीक झाल्यावर ८ सारखा दिसला आणि उत्तरात `18.898412` आलं, तर फरक अर्ध्या अंशाचा होतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे शेत ५५ किलोमीटर उत्तरेला सरकलं. लातूरजवळचं शेत बीड जिल्ह्यात परळीच्या आसपास जाऊन पडलं. उत्तरात सहा दशांश स्थळं नीट छापलेली दिसतात म्हणून ते बरोबर वाटतं. शेवटचे अंक चुकले तर फारसं बिघडत नाही, सहावं दशांश स्थळ म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटर आणि मोबाइलचं जीपीएस स्वतःच काही मीटर इकडेतिकडे असतं. पण दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या अंकाची चूक पट्टीतल्या तालुक्याच्या नावाशी ताडून बहुधा पकडता येते, ती पकडायची.

आता अक्षर वाचण्याइतकं मोठं आहे आणि तरी पहिल्या उत्तरात उल्लेख नाही, असं का होतं? याचं मूळ शिकवण्याच्या सामग्रीत आहे. इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्रांसोबत जो मजकूर असतो, तो चित्राच्या विषयाबद्दल असतो. फोटोवर विक्रेत्याचं नाव तिरकं छापलेलं असलं, तरी खाली ‘डोंगरातला सूर्योदय’ एवढंच लिहिलेलं असतं. कोट्यवधी वेळा हे पाहिल्यावर मॉडेल हेच शिकतं की वर छापलेलं अक्षर चित्राच्या गोष्टीत धरायचं नसतं. शिवाय सामग्री चाळणारेही वॉटरमार्कला कचराच समजतात. २०२२ साली आलेल्या लायन-५बी या संग्रहात प्रत्येक चित्रासोबत त्यावर वॉटरमार्क असण्याची संभाव्यता नोंदलेली आहे, म्हणजे नको असल्यास गाळता यावं. दुसऱ्या बाजूने हीच मॉडेलं पावत्या, फॉर्म, पाट्या वाचायलाही शिकवलेली असतात आणि तिथे एकही अक्षर सोडायचं नसतं. तुमच्या फोटोत या दोन सवयी एकमेकींवर आदळतात. ‘काय दिसतं?’ हा प्रश्न दोन्हींच्या मधोमध पडतो, म्हणून उत्तर कधी इकडे झुकतं, कधी तिकडे. शब्द निवडताना मॉडेल थोडं सोंगटीफाशासारखंही वागतं, त्यामुळे तोच फोटो, तोच प्रश्न असूनही फरक पडतो. एकदा विचारून ‘हे मॉडेल पट्टी बघतं’ किंवा ‘बघत नाही’ असा निकाल देऊ नका. निदान पाच वेळा, दर वेळी नव्या संवादात विचारा.

आता ती चौथी शक्यता. एक उदाहरण घेऊ. फोटोत सोयाबीन आहे, शेंगा पिवळ्या पडून आडवं झालेलं, सरीत पाणी साचलेलं, माती काळी. पट्टीवर लातूर तालुक्याचं गाव आणि `04/10/2024 11:42 AM`. पहिल्या उत्तरात पट्टीचा शब्दही नाही, पण वाक्य असं येतं: ‘परतीच्या पावसामुळे काढणीला आलेल्या सोयाबीनचं नुकसान झालेलं दिसतं.’ वाचायला झकास. पण ‘परतीचा’ हे फोटोतल्या कुठल्या पिक्सेलवरून कळलं? साचलेल्या पाण्याला महिना नसतो. पिकलेल्या शेंगांवरून हंगामाचा शेवट आहे असा अंदाज बांधता येईल हे मान्य, तरी मॉडेलने तो शेंगांवरून बांधला की तारखेवरून, हे उत्तरावरून कळत नाही. तुम्ही हे वाक्य ‘फोटोतलं नुकसान तारखेशी जुळतं’ या अर्थाने वाचणार आणि तिथेच फसणार. कारण तारखेशी जुळवूनच ते लिहिलेलं असू शकतं. पट्टी स्वतःच स्वतःची साक्ष देते आहे.

हीच तारीख महिना आधी असा क्रम धरून वाचली, तर १० एप्रिल होते. तेव्हा त्याच फोटोच्या वर्णनात ‘अवकाळी पाऊस’ हा शब्द येतो. परतीचा, अवकाळी, गुदस्ताचा, उन्हाळी, अशा काळ सांगणाऱ्या शब्दांवर बोट ठेवून तपासा. ठिकाणाचंही तेच. ‘मराठवाड्यातली काळी जमीन’ यातलं काळी जमीन दिसतं, मराठवाडा दिसत नाही. (तारखेच्या क्रमाचा गोंधळ टाळायला फोटो काढणाऱ्यांना अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये महिना अक्षरात ठेवायला सांगा, `04 Oct 2024` असा. पाच मिनिटांचं काम आहे.)

पट्टी गुपचूप वापरली जाते का, हे ठरवायला एकाच फोटोच्या तीन प्रती करायच्या: मूळ, पट्टी कापलेली आणि भलतीच पट्टी जोडलेली. इमेजमॅजिकने हे असं होतं:

```
magick photo.jpg -auto-orient full.jpg
magick full.jpg -gravity north -crop 100%x80%+0+0 +repage drushya.jpg
magick full.jpg -gravity south -crop 100%x20%+0+0 +repage patti.jpg
magick drushya.jpg patti2.jpg -append ulat.jpg
```

`patti2.jpg` ही त्याच रुंदीच्या दुसऱ्या फोटोची पट्टी, समजा नाशिकची आणि `22/05/2024` ची. पहिली ओळ गाळू नका. मोबाइल फोटो बऱ्याचदा आडवाच साठवतो आणि ‘उभा दाखव’ अशी खूण सोबत ठेवतो. ती खूण मध्ये कुठे गळाली, तर मॉडेलकडे पट्टी कुशीवर वळलेली जाते आणि वाचण्यात चुका वाढतात. २० टक्के हा आकडाही तुमच्या अ‍ॅपच्या पट्टीनुसार बदला.

आता तिन्हींना तोच एक प्रश्न विचारा आणि उत्तरं शेजारी ठेवा. पट्टी कापलेल्या प्रतीच्या उत्तरात ‘परतीचा पाऊस’ टिकला, तर तो पिकाच्या अवस्थेवरून आला असं म्हणायला आधार आहे. तो गेला आणि भलती पट्टी जोडलेल्या प्रतीत ‘अवकाळी’ आला, तर पट्टीच बोलत होती. भलत्या पट्टीच्या प्रतीवरचं चांगलं उत्तर कसं असावं? मेच्या अखेरीस कोरडवाहू शेतात पिकलेलं सोयाबीन उभं नसतं, खरिपाची पेरणीच पावसानंतर जून-जुलैत होते. तेव्हा चांगल्या उत्तरात पट्टीचा उल्लेख न विचारता आला पाहिजे: पट्टीवर मे महिना आहे, पीक मात्र काढणीच्या अवस्थेतलं दिसतं, हे जुळत नाही. माझ्या मते पहिल्या उत्तरात पट्टीचा उल्लेख हवा की नको, याची कसोटी हीच आहे. पट्टी दृश्याशी किंवा विचारणाऱ्याच्या म्हणण्याशी भांडत असेल, किंवा उत्तरातलं एखादं वाक्य तिच्यावर उभं असेल, तर उल्लेख हवाच. पानावरची कीड कोणती एवढंच कुणी विचारलं असेल, तर कोपऱ्यातली तारीख न सांगणं हेच शहाणपण. प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘फोटोवर तारीखही आहे’ असं शेपूट लावणारं मॉडेल सावध नसतं, तेही सवयीनेच लिहीत असतं.

रोजच्या कामासाठी मी दोन वेगळे प्रश्न करतो, दोन वेगळ्या चित्रांसह. `drushya.jpg` देऊन फक्त नुकसानीचं वर्णन घ्यायचं. `patti.jpg` देऊन फक्त मजकूर उतरवून घ्यायचा. पट्टी वेगळी कापल्याचा पिक्सेलच्या हिशोबातही फायदा होतो. ४००० × ६०० ची पट्टी वरच्या पद्धतीत २०४८ रुंद होते आणि अक्षर १५ ऐवजी ३१ पिक्सेलचं राहतं. तीच पट्टी उभी मधोमध दोन तुकड्यांत कापली, तर २००० × ६०० चा तुकडा लहान करावाच लागत नाही, अक्षर पूर्ण ६० चं जातं. कापताना दोन्हीकडे थोडा भाग सामाईक ठेवा, नाहीतर रेखांशाचा एखादा अंक नेमका कात्रीखाली येतो. उतरवण्याची सूचना अशी पुरते:

```
चित्रातला मजकूर ओळीने जसाच्या तसा लिहा.
न वाचता येणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी ? लिहा.
तारीख आहे त्याच क्रमात ठेवा, बदलू नका.
```

दुसरी ओळ महत्त्वाची. न वाचता येण्याची वाट मोकळी ठेवली नाही, तर रिकामी जागा भरली जाते. एकाच प्रश्नात दोन्ही मागायचं असेल, तर आधी दृश्य, मग मजकूर, मग विसंगती या क्रमाने मागा, कारण आधी लिहिलेलं पुढच्या लिखाणाला वळण लावतं. पण हा क्रम म्हणजे कुंपण नव्हे. लिहायला सुरुवात करण्याआधीच सगळं चित्र, पट्टीसकट, मॉडेलच्या समोर असतं. खात्री हवी असेल तर कापण्यावाचून इलाज नाही.

पट्टीतली एक ओळ नेहमी संशयाने बघा: टिपेची. अनेक अ‍ॅपमध्ये फोटो काढणारा तिथे हवं ते लिहू शकतो. तिथे ‘पाहणी पूर्ण, नुकसान ९० टक्के’ असं टाइप केलेलं असेल, तर तो ९० चा आकडा वर्णनात मॉडेलच्या स्वतःच्या अंदाजासारखा येऊ शकतो. दृश्य कापून दिलं की हा मार्गच बंद होतो.

वॉटरमार्कचं थोडक्यात. तारखेची पट्टी कोपऱ्यात, ठळक आणि एकसंध असते. स्टुडिओचा वॉटरमार्क फिकट, अर्धपारदर्शक आणि चित्रभर पसरलेला असतो, म्हणून तो उल्लेखातून आणखी सहज सुटतो. लग्नाच्या फोटोच्या नमुना प्रतीत कोण कुठे उभं आहे एवढंच विचारलं असेल, तर सुटला तरी हरकत नाही. पण ‘हा फोटो १२ × १८ मध्ये छापायला बरा आहे का?’ असं विचारल्यावर उत्तरात रिझोल्यूशन आलं आणि आडवं छापलेलं ‘SAMPLE’ आलं नाही, तर ते उत्तर चुकलं, उरलेलं सगळं बरोबर असलं तरी. उलट दिशेची चूकही होते: स्टुडिओचं नाव कार्यालयाचं किंवा जोडप्याचं नाव म्हणून वर्णनात घुसतं.

अर्जावरच्या फोटोवरचा गोल शिक्का ही तिसरी जात. तो मुद्दाम अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर मारतात, म्हणजे फोटो बदलला तर वर्तुळ तुटलेलं दिसावं. मॉडेलला फक्त फोटोचा चौकोन कापून दिला, तर जांभळी कमान खांद्यावर उरते आणि ती कपड्यावरची नक्षी किंवा डाग म्हणून वर्णनात येऊ शकते. इथे कापाकापी करू नका. फोटोच्या चारही बाजूंना कागदाची पट्टी दिसेल एवढं मोठं चित्र द्या आणि नेमकं विचारा: वर्तुळाची रेघ फोटोची कडा ओलांडून कागदावर सलग जाते का? ‘शिक्का आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ असं उत्तर मिळतं आणि त्याचा उपयोग काहीच नसतो.

जुन्या अल्बममधल्या, कोपऱ्यात नारिंगी अंक असलेल्या फोटोंना वरचाच नियम लागतो, फक्त तिथे वर्ष दोन अंकी असतं आणि दिवस, महिना, वर्ष यांचा क्रम कॅमेऱ्यावर बदलता यायचा. `5 12 '94` मधलं वर्ष वरच्या स्वल्पविरामामुळे कळतं, पण ५ महिना की १२, ते त्याच कॅमेऱ्याच्या इतर फोटोंतला १२ पेक्षा मोठा आकडा कुठल्या जागी आहे हे बघून ठरवायचं. त्यातही कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असायचं, ते वेगळंच.

शेवटी पट्टी ज्याच्याशी ताडायची त्याबद्दल. पट्टीतली वेळ फोनच्या घड्याळाची असते, गावाचं नाव अक्षांश-रेखांशावरून शोधून टाकलेलं असतं, आणि नेट नसताना ते कोरं राहू शकतं. मूळ फाइलमध्ये हीच माहिती वेगळीही साठवलेली असू शकते:

```
exiftool -DateTimeOriginal -GPSPosition photo.jpg
```

हे आणि पट्टी जुळतात का, हे बघायला मॉडेल लागतच नाही. अडचण एवढीच की व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते आणि आकारही घटतो, मग पट्टीशिवाय हातात काही उरत नाही. फोटो पाठवणाऱ्यांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फाइल आहे तशी येते.